भाकरीतलं ग्लुकोज आणि नेफ्रॉनची आकृती: गाळण आणि पुनर्शोषण बोटाने कसं शोधायचं

अकरावीत नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्याच तासाला एक प्रश्न घालतो. रक्तद्रवात युरिया १०० मिलिमागे सुमारे ०.०३ ग्रॅम असतो आणि लघवीत तो साधारण २ ग्रॅम असतो, म्हणजे सत्तर पटीच्या आसपास. मग हा जादाचा युरिया मूत्रपिंडाने तयार केला का? निम्म्याहून जास्त हात "हो" म्हणून वर जातात. त्या मुलांना नेफ्रॉनचे सगळे भाग पाठ असतात, नावंही बिनचूक लिहिता येतात. पण आकृतीतून काय वाहतं आहे आणि कुठे काय कमी होतं आहे, हे त्यांनी कधी बोट ठेवून पाहिलेलं नसतं. हा लेख त्या बोट ठेवण्याबद्दल आहे.

आकृती अशी काढा की तिच्यावर प्रवास दाखवता येईल

पुस्तकातली छापील आकृती बघत बसू नका. कोऱ्या पानावर स्वतः काढा, जरा मोठी, आणि तीन रंग जवळ ठेवा: रक्तासाठी लाल, नळीतल्या द्रवासाठी पिवळा, आणि बाणांसाठी निळा.

आधी लाल रंगाने एक जाडसर धमनिका काढा. ती पुढे केशिकांच्या गुंत्यात, म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये शिरते. गुंत्यातून बाहेर पडणारी धमनिका आत येणारीपेक्षा बारीक काढा. हा फरक फक्त सुबकतेसाठी नाही, त्याचं कारण पुढे येतंच. बहुतेक मुलं इथे घाई करतात आणि बाहेर पडणारी लाल रेघ थेट शिरेला जोडून टाकतात. तसं करू नका. ती रेघ खाली उतरवा आणि नळीभोवती पुन्हा केशिकांचं जाळं काढा. हे दुसरं जाळं आकृतीत नसेल, तर पुनर्शोषणाचा बाण न्यायचा कुठे, हा प्रश्न कायम अधांतरी राहतो.

आता पिवळ्याने ग्लोमेरुलसला ओंजळीसारखं धरणारं बोमनचं संपुट काढा. त्याला लागून पहिली वेटोळी नळी, जिला सगळे पीसीटी म्हणतात. मग खाली जाऊन वर येणारा हेन्लेचा फास, मग दुसरी वेटोळी नळी म्हणजे डीसीटी, आणि शेवटी संग्राहक नलिका. पीसीटी कोणती आणि डीसीटी कोणती हा गोंधळ झाला, तर संपुटाला चिकटलेली नळी शोधा. तीच पीसीटी.

नावाची रेघ आणि हालचालीचा बाण यांत गल्लत नको. नाव दाखवणारी रेघ साधी असते, टोकाला बाण नसतो आणि ती त्या भागाला खरोखर टेकलेली असते. बाण फक्त पदार्थ कुठून कुठे गेला हे सांगण्यासाठी. पिवळ्यातून लालकडे जाणारा निळा बाण म्हणजे पुनर्शोषण. लालमधून पिवळ्यात येणारा बाण ग्लोमेरुलसपाशी असेल तर गाळण, आणि पुढे नळीपाशी असेल तर स्रवण. बाणाची दिशा आणि जागा या दोनच गोष्टींवर प्रक्रियेचं नाव ठरतं.

एक प्रवासी निवडा आणि ताटापासून त्याच्या मागे जा

सगळे पदार्थ एकदम शोधू नका. एका वेळी एकच. मी नेहमी ग्लुकोजपासून सुरुवात करतो, कारण पचन आणि उत्सर्जन हे दोन धडे त्याच्यामुळे एकमेकांना जोडले जातात.

समजा दुपारी ज्वारीची भाकरी खाल्ली. तिच्यातल्या पिष्टाचे तुकडे करायला तोंडातल्या लाळेपासून सुरुवात होते, जठरातल्या आम्लात ते काम थांबतं आणि लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज ते पुढे नेतं. शेवटचा तुकडा आतड्याच्या अस्तरावरची विकरं पाडतात आणि ग्लुकोज मोकळं होतं. अस्तराच्या पेशीत ते एकटं शिरत नाही. सोडियमला सोबत घेऊनच आत ओढणारा एक वाहक तिथे असतो. त्याचं नाव एसजीएलटी-१. हे नाव लक्षात राहू द्या, तो नेफ्रॉनमध्ये पुन्हा भेटणार आहे. ओआरएसच्या पुडीत मिठासोबत ग्लुकोज असतं ते याच वाहकासाठी: दोघं मिळून पेशीत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं.

इथून मूत्रपिंडापर्यंतचा रस्ता परीक्षेत वारंवार विचारला जातो. रसांकुरातली केशिका, यकृत-प्रतिहारी शीर, यकृत, यकृतशीर, अधोमहाशीर, हृदयाची उजवी बाजू, फुप्फुसं, हृदयाची डावी बाजू, महाधमनी, वृक्कधमनी. सर्वांत जास्त वेळा गळतात ती फुप्फुसं, कारण ग्लुकोजचं तिथे काही काम नाही असं मुलांना वाटतं. काम नाही हे खरं. पण उजवीकडून डावीकडे जायला दुसरा रस्ताही नाही.

भाकरीतला कोंडा या रस्त्याला लागतच नाही. तो पचत नाही, रक्तात जात नाही आणि आतड्यातूनच बाहेर पडतो. म्हणून शौच म्हणजे उत्सर्जन नव्हे. जे शरीराच्या पेशींमध्ये तयार झालं आणि रक्तातून काढावं लागलं, ते उत्सर्जन. डाळीतल्या प्रथिनांची गोष्ट या व्याख्येत नेमकी बसते. त्यांची अमिनो आम्लं रक्तात येतात, गरजेपेक्षा जास्त असलेल्यांचा नायट्रोजन यकृतात युरियामध्ये जातो, आणि मग तो युरिया मूत्रपिंडाकडे निघतो. सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. युरिया यकृतात तयार होतो, मूत्रपिंडात नाही.

गाळण: इथे निवड होत नाही

आता बोट लाल धमनिकेवर ठेवा. दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला साधारण ६२५ मिलि रक्तद्रव जातो. त्यातला १२५ मिलि संपुटात गाळला जातो, म्हणजे फक्त एक पंचमांश. चहाच्या गाळणीचं उदाहरण देताना हे सांगायचं राहून जातं. गाळणीतून सगळा चहा खाली उतरतो. इथे चार पंचमांश रक्तद्रव आणि सगळ्या रक्तपेशी बारीक धमनिकेतून पुढे निघून जातात.

गाळायला जोर कुठून येतो? बाहेर पडणारी वाट अरुंद आहे, म्हणून केशिकागुंत्यात रक्ताचा दाब इतर केशिकांपेक्षा जास्त राहतो, अंदाजे ६० मिमी पारा. त्याच्या विरुद्ध दोन गोष्टी उभ्या असतात. रक्तातली प्रथिनं पाणी आत धरून ठेवतात, तो ओढा सुमारे ३२, आणि संपुटात आधीच भरलेल्या द्रवाचा दाब सुमारे १८. साठातून बत्तीस आणि अठरा वजा केले की १० उरतात. एवढ्याशा दहावर सगळी गाळण चालते. म्हणून मोठा रक्तस्राव होऊन रक्तदाब फार खाली गेला, तर लघवी तयार होणं थांबू शकतं. "धक्का बसलेल्या रुग्णाला लघवी का होत नाही" या प्रश्नाचं उत्तर या वजाबाकीत आहे.

ही गाळणी गरज ओळखत नाही. ती पाहते मुख्यतः आकार, आणि काही प्रमाणात विद्युतभार. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. पाणी, ग्लुकोज, युरिया, सोडियम, अमिनो आम्लं सगळी पार होतात, आणि ज्या तीव्रतेने रक्तद्रवात होती जवळपास त्याच तीव्रतेने. म्हणून संपुटातल्या द्रवाची तीव्रता विचारली आणि पदार्थ लहान असेल, तर रक्तद्रवातला आकडाच लिहा. ग्लुकोज रक्तात ०.१ तर संपुटातही ०.१.

दिवसाला हा हिशेब १८० लिटरवर जातो. लघवी होते दीड लिटर. इतकं गाळून परत घ्यायचं तर गाळायचंच कशाला, असं मुलं विचारतात आणि तो प्रश्न मला फार आवडतो. दिवाळीआधी फडताळ आवरताना आपण आतली नको ती वस्तू शोधत बसत नाही, सगळं बाहेर काढतो आणि हवं ते परत लावतो. मूत्रपिंडाला प्रत्येक टाकाऊ पदार्थ ओळखावा लागत नाही. हवे ते मोजके पदार्थ ओळखणारे वाहक असले की पुरे. ज्याच्यासाठी वाहक नाही असा एखादा नवाच पदार्थ पोटातून रक्तात आला आणि गाळला गेला, तर त्याचा बराच भाग आपोआप लघवीवाटे निघून जातो.

पुनर्शोषण: खरं काम पीसीटीत

बोट पिवळ्या नळीवर सरकवा. पीसीटीच्या पेशींना आतल्या बाजूने बारीक केसांसारखी झालर असते, आतड्याच्या अस्तरासारखीच, आणि कारणही तेच: शोषणासाठी जागा वाढवणं. गाळलेल्यापैकी साधारण दोन तृतीयांश पाणी आणि सोडियम इथेच परत जातं. ग्लुकोज तर सगळंच. सुरुवातीच्या भागात एसजीएलटी-२ नावाचा वाहक त्यातलं सुमारे ९० टक्के उचलतो, आणि उरलेलं पुढे आपला आतड्यातला ओळखीचा एसजीएलटी-१ उचलतो. आकृतीत पीसीटीपासून निळा बाण लाल जाळ्याकडे काढा आणि त्याच्यावर "ग्लुकोज, सगळं" असं लिहा.

त्या जाळ्यातलं रक्त नुकतंच ग्लोमेरुलसमधून आलं आहे, पाणी तिथे सोडून आणि प्रथिनं सोबत ठेवून. म्हणजे ते नेहमीपेक्षा घट्ट आहे, आणि नळीतून बाहेर पडलेलं पाणी सहज ओढून घेतं. दोन केशिकाजाळी एकामागोमाग का, याचं एक कारण हे.

हेन्लेच्या फासाबद्दल इथे एवढंच धरा: उतरत्या बाजूतून पाणी बाहेर जातं, चढत्या बाजूतून मीठ जातं पण पाणी जाऊ शकत नाही. त्यामुळे मूत्रपिंडाचा आतला भाग खारट होतो. पुढे संग्राहक नलिका त्या खारट भागातून जाते तेव्हा एडीएच हे संप्रेरक असेल, तर पाणी बाहेर ओढलं जातं आणि लघवी घट्ट होते. उन्हातून आल्यावर लघवी गडद पिवळी दिसते ती यामुळे.

सोडवून पाहू: चार अनोळखी ठिकाणं

आता खरा प्रश्न. खाली चार ठिकाणच्या द्रवातलं प्रमाण दिलं आहे, दर १०० मिलिमागे ग्रॅममध्ये. कोणतं ठिकाण कुठलं, ते ओळखायचं.

| ठिकाण | प्रथिनं | ग्लुकोज | युरिया |
|---|---|---|---|
| ट | ० | ० | २ |
| ठ | ० | ०.१ | ०.०३ |
| ड | ७.५ | ०.१ | ०.०३ |
| ढ | ० | ० | ०.०४५ |

आधी प्रथिनांचा रकाना वाचा, बाकीचे हाताने झाका. फक्त ड मध्ये प्रथिनं आहेत, म्हणजे ते रक्त आहे. बाकी तिन्ही नळीतली. मग ग्लुकोज. ठ मध्ये ते रक्ताइतकंच आहे, म्हणजे अजून पीसीटी लागलेली नाही. ठ म्हणजे संपुट. ट आणि ढ मध्ये ग्लुकोज नाही, म्हणजे दोन्ही पीसीटीच्या पुढची. त्यांत युरिया कमी असलेलं ढ हे पीसीटीचं टोक, आणि ट म्हणजे संग्राहक नलिकेतून बाहेर पडणारी लघवी. प्रथिनं, ग्लुकोज, युरिया या क्रमाने गेलात तर असला तक्ता सहसा अडत नाही.

आता ढ कडे नीट बघा. युरियाचा आकडा ०.०३ वरून ०.०४५ झाला. पीसीटीत युरिया नळीत आला का? नाही, उलट जवळजवळ निम्मा परत रक्तात गेला. पण पाणी दोन तृतीयांश गेलं. निम्मा युरिया एक तृतीयांश पाण्यात उरला, म्हणून तीव्रता दीडपट दिसते.

हाच हिशेब पूर्ण दिवसाचा करू. १८० लिटर गाळले, १०० मिलिला ०.०३ ग्रॅम, म्हणजे ५४ ग्रॅम युरिया संपुटात आला. दीड लिटर लघवीत १०० मिलिला २ ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅम बाहेर गेला. २४ ग्रॅम परत रक्तात गेला. तीव्रता सुमारे ६७ पट वाढली आणि प्रमाण मात्र कमी झालं, कारण त्याच वेळी पाणी १२० पटीने कमी झालं होतं. ज्या मुलांनी सुरुवातीला हात वर केला, त्यांची चूक ही होती की तीव्रता वाढली म्हणजे पदार्थ वाढला असं त्यांनी धरलं. आमटी आटली की खारट होते, म्हणून कुणी आणखी मीठ घातलं असं होत नाही. प्रत्येक प्रश्नात आधी विचारा: हा आकडा तीव्रतेचा की एकूण वजनाचा?

लघवीत साखर आली तर आकृतीत कुठे बोट ठेवायचं

गावाकडे म्हणायचे, लघवीला मुंग्या लागतात. मधुमेह या शब्दातला मध तोच. परीक्षेत विचारतात: मधुमेही व्यक्तीच्या लघवीत ग्लुकोज का येतं? "गाळणी खराब झाली म्हणून" हे उत्तर हमखास येतं आणि ते चूक आहे. गाळणीतून ग्लुकोज निरोगी माणसातही पार होतंच. गडबड पुढे आहे.

आकड्यांनी बघू. रक्तात ग्लुकोज १०० मिलिला १०० मिग्रॅ असेल, तर मिनिटाला १२५ मिलि गाळताना १२५ मिग्रॅ ग्लुकोज नळीत येतं. पीसीटीचे सगळे वाहक मिळून मिनिटाला जास्तीत जास्त ३७५ मिग्रॅच्या आसपास उचलू शकतात. म्हणजे सगळं आरामात परत जातं. आता रक्तातली साखर ४०० झाली. नळीत येणारं ग्लुकोज मिनिटाला ५०० मिग्रॅ. वाहक ३७५ उचलतात, त्यांचे हात भरलेले असतात, आणि १२५ मिग्रॅ पुढे निसटतं. पीसीटीच्या पुढे ग्लुकोजसाठी वाहक नाहीत, त्यामुळे ते थेट लघवीत जातं. दिवसभर साखर अशीच राहिली तर ते १८० ग्रॅम होतं. आणि ते एकटं जात नाही, नळीत पाणी धरून ठेवतं. म्हणून वारंवार लघवी, आणि म्हणून तहान.

गणिताप्रमाणे साखर ३०० झाल्यावरच लघवीत यायला हवी. प्रत्यक्षात ती साधारण १८० च्या पुढेच दिसू लागते. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात आणि सगळ्यांची ताकद सारखी नसते, त्यामुळे कमी ताकदीचे आधी भरतात. प्रश्नात "उंबरठा किती" असं विचारलं असेल तर १८० लिहा आणि "कमाल पुनर्शोषण किती" असं विचारलं असेल तर ३७५ मिग्रॅ प्रति मिनिट. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट बाजूने प्रश्न आला, म्हणजे लघवीत साखर आहे आणि कारण शोधायचं आहे, तर आधी रक्तातली साखर किती ते बघा. ती उंबरठ्याच्या वर असेल तर वाहक निर्दोष आहेत, बोजा जास्त आहे. रक्तातली साखर नेहमीची असूनही लघवीत ग्लुकोज असेल, तर बोट पीसीटीवर ठेवा. काही जणांत एसजीएलटी-२ जन्मतःच कमी काम करतो. गरोदरपणात गाळण वाढते आणि उंबरठा खाली येतो, तेव्हाही मधुमेह नसताना साखर दिसू शकते. आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत तर ती दिसणारच, कारण त्या एसजीएलटी-२ मुद्दाम रोखतात. म्हणून केवळ लघवीच्या पट्टीवरून मधुमेह आहे किंवा नाही असं उत्तर लिहू नका.

लघवीत प्रथिनं सापडली तर बोट परत वर न्या, थेट ग्लोमेरुलसवर. मोठी प्रथिनं संपुटात यायलाच नको होती. थोडं अल्ब्युमिन निरोगी माणसातही निसटतं आणि पीसीटी ते आत घेते, पण पट्टीवर सतत दिसण्याइतकं आलं तर बहुतेक वेळा गाळणीच सैल झालेली असते. मग रक्तातली प्रथिनं घटतात, पाणी रक्तात धरून ठेवणारा तो ३२ चा ओढा कमी होतो, आणि डोळ्यांखाली, पायांवर सूज दिसू लागते. आपल्या आकृतीवर हे दाखवायचं असेल, तर ग्लोमेरुलसमधून संपुटात जाणारा एक वेगळा, तुटक निळा बाण काढा आणि त्याच्याजवळ "निरोगी अवस्थेत नगण्य" असं लिहा.